कॉफीसाठी पाणी: जारचे, उकळलेले नळाचे की फिल्टरचे? आणि अगदी हलके पाणी बेचव का लागते?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहतो आणि घरी चिकमगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका दळून, कागदी गाळणीतून, दूध-साखरेशिवाय कॉफी करतो. १५ ग्रॅम पूड, २५० मिली पाणी आणि उकळी आल्यावर अर्धा-पाऊण मिनिट थांबून ओतणे, या गोष्टी मी बदलत नाही. तरीही पाणी बदलले की पेल्यातली कॉफी इतकी बदलते, की ती एकाच पाकिटातली आहे हे घरच्यांना पटत नाही.

आमच्याकडे तीन प्रकारचे पाणी असते. पहिले महापालिकेचे, म्हणजे कृष्णेचे, जे आम्ही पिण्यासाठी उकळून ठेवतो. दुसरे आर.ओ. फिल्टरचे. तिसरे पाहुणे आले की मागवला जाणारा वीस लिटरचा जार, ज्याला गल्लीत सगळे मिनरल वॉटरच म्हणतात. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या माझ्याकडच्या साध्या टीडीएस मीटरवर नळाचे पाणी २६०, तेच उकळून निवल्यावर १८० च्या आसपास, फिल्टरचे १८ आणि जारचे ३० दाखवते.

चवीचे सांगायचे, तर नळाच्या ताज्या पाण्यात कॉफी मंद लागते, तिचा आंबटगोडपणा कुठेतरी दबलेला असतो आणि जिभेवर खडूसारखा थर राहतो. फिल्टरच्या पाण्यात वास छान येतो, पण घोट घेतला की मध्ये काहीच नाही असे वाटते. आधी थोडी आंबट टोचणी आणि मग एकदम पाणी. जारच्या पाण्याचीही तीच गत. उकळून निवलेल्या नळाच्या पाण्याची कॉफी या सगळ्यांत बरी, पण थोडी जडच.

माझी शंका अशी की, फिल्टरचे पाणी सर्वांत शुद्ध असेल, तर कॉफी त्यातच सर्वांत पोकळ का व्हावी? आणि ज्याला मिनरल वॉटर म्हणतात ते फिल्टरच्या पाण्यासारखेच का वागावे?

आरोग्यदृष्टी

तुमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याने मुतखड्याचा त्रास होतो असे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. माझ्या मेहुण्यांना दोनदा त्रास झाला आणि त्यानंतर त्यांनी फिल्टर बसवला. तेव्हा चवीचा विचार न करता फिल्टरचेच पाणी प्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विश्रामबागकर

दादा, मेहुण्यांची काळजी योग्यच आहे, परंतु प्रश्न पिण्याच्या पाण्याचा नसून कॉफी करायच्या पाण्याचा आहे. दिवसाला दोन पेल्यांपुरते पाणी कोणते घ्यावे, एवढेच मला ठरवायचे आहे. बोअरचे पाणी आम्ही स्वयंपाकातही वापरत नाही. त्यात तुरीची डाळच शिजत नाही.

गणपतीपेठ

माझी चहाची गाडी आहे, कॉफीतले मला फारसे कळत नाही, पण पाण्याचे कळते. मध्यंतरी पाइपलाइनच्या कामामुळे नळाला पाणी नव्हते, म्हणून जार घेऊन चहा केला. रंग एकदम लालसर, उजळ आला आणि नेहमीची गिऱ्हाइके म्हणाली की आज पावडर बदलली का. नळाच्या पाण्यात तोच चहा गडद, तपकिरी होतो आणि कपात थोडा वेळ राहिला की वर तेलकट दिसणारी साय धरतो. ती साय दुधाची नव्हे, कारण काळ्या चहावरही ती येते. माझ्या अनुभवाने हलक्या पाण्यात चहा चांगलाच होतो, बेचव होत नाही. मग कॉफीतच हे उलटे का, हे जाणकारांनी सांगावे.

आणि एक गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे पाणी पुन्हा पुन्हा उकळले की त्यातला प्राणवायू निघून जातो आणि ते मेलेले लागते. बेचवपणाचे खरे कारण तेच असावे.

नलिका

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गणपतीपेठ, तुमची प्राणवायूची गोष्ट पिण्याच्या पाण्यापुरती खरी आहे. उकळून गार केलेले पाणी लगेच प्यायले तर सपक लागते, आणि दोन भांड्यांत वर-खाली ओतून घेतले की सुधारते. पण चहा-कॉफीसाठी कोणतेही पाणी उकळीपर्यंत न्यावेच लागते, आणि तिथपर्यंत पोहोचताना त्यातली विरघळलेली हवा बहुतेक निघून गेलेली असते. म्हणजे फिल्टरचे, जारचे, नळाचे, तिन्ही पाणी पूडीवर पडताना हवेच्या बाबतीत सारखेच असते. तेव्हा पेल्यातला फरक हवेने पडत नाही, पाण्यात जे विरघळून राहिले आहे त्याने पडतो.

त्यात दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात आणि टीडीएस मीटर नेमक्या त्याच वेगळ्या करत नाही, कारण तो पाण्यातून वीज किती वाहते एवढेच मोजून आकडा देतो. पहिली गोष्ट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, ज्यांच्यामुळे पाणी जड होते. दुसरी बायकार्बोनेट, म्हणजे पाण्याची अल्कता. आपल्याकडच्या पाण्यात ही दोन्ही सहसा जोडीने येतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पण कॉफीत त्यांची कामे वेगळी आहेत. बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लाला मारते. ते जास्त असले तर फळासारखा आंबटगोडपणा नाहीसा होतो आणि कॉफी मंद, खडूसारखी लागते; तुमच्या नळाच्या ताज्या पाण्यात नेमके हेच होत आहे. ते अजिबात नसले तर आम्ल उघडे पडते आणि सुरुवातीची टोचणी जाणवते. त्याच वेळी कॅल्शियम-मॅग्नेशियमही नसल्याने घोटाला अंग उरत नाही. फिल्टरच्या पाण्यात तुम्हाला जी पोकळी जाणवते, ती या दोन उणिवा एकत्र आल्याने.

शिवाय निव्वळ पाणीही बेचवच असते. आपल्या लाळेत क्षार असतात आणि जीभ त्यांना सरावलेली असते. त्याहून कितीतरी कमी क्षारांचे पाणी तोंडात आले की ते रिकामे, कधी किंचित कडसरही लागते. फिल्टरचे पाणी गोड लागते असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, पण बहुधा ते बोअरच्या पाण्याशी तुलना करत असतात.

आता जार. दुकानातल्या सीलबंद बाटलीवर नीट पाहिले तर बहुतेक वेळा पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर असे लिहिलेले आढळेल. नॅचरल मिनरल वॉटर हा वेगळा प्रकार आहे, त्यासाठी भारतीय मानकही वेगळे आहे, आणि ते झऱ्याच्या किंवा भूगर्भातल्या ठरावीक स्रोताचे, मूळ क्षार तसेच ठेवून भरलेले असते. गल्लीत येणारा वीस लिटरचा जार हा बहुधा मोठ्या आर.ओ. यंत्राचे पाणी असतो, आणि तुमचा ३० हा आकडा तेच सांगतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर असे, की ती दोन पाणी एकाच जातीची आहेत.

चहाबद्दल सांगायचे तर साय धरायला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही लागतात. त्यांच्या संगतीत चहातली तुरट द्रव्ये हवेशी मिळून पृष्ठभागावर तो पापुद्रा करतात. कपात लिंबाचे दोन थेंब टाका, साय धरणार नाही. चहाला कॉफीइतके आम्ल नसते आणि त्याचा तुरटपणा हलक्या पाण्यात छान उतरतो, शिवाय तुमच्या चहात दूध, साखर, आले असतेच, त्यामुळे रिकामेपणा जाणवत नाही. तेव्हा तुमचे निरीक्षण आणि विश्रामबागकरांचे निरीक्षण, दोन्ही खरी आहेत.

बागायत_तासगाव

नलिकाताई, बायकार्बोनेट आम्लाला मारते हे आम्ही बागेत रोज बघतो. द्राक्षाला जीए हे वाढीचे संजीवक देताना पाण्याचा सामू साडेपाच-सहापर्यंत आणावा लागतो आणि त्यासाठी टाकीत सायट्रिक अॅसिड घालतो. बोअरच्या पाण्याला ते घालतच राहावे लागते, सामू जागचा हलत नाही. शेततळ्यात साठलेल्या पावसाच्या पाण्याला मात्र चिमूटभर टाकले की काटा झरकन खाली येतो. मग कॉफीचेही तसेच समजायचे का, की जड पाणी कॉफीचे अॅसिड खाऊन टाकते?

मॅग्नेशियम कमी पडत असेल तर विश्रामबागकरांनी काळजी करू नये. आमच्याकडे मॅग्नेशियम सल्फेटची पोतीच असतात, किलोभर पाठवून देतो.

नलिका

दादा, अगदी तसेच समजायचे. तुमच्या टाकीतले सायट्रिक आम्ल आणि कॉफीतली आम्ले बायकार्बोनेटशी एकाच रीतीने वागतात. बायकार्बोनेट संपेपर्यंत आम्लाची चव वर येत नाही. आणि तुमच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते, जी लोक विसरतात. पावसाच्या पाण्याचा आणि बोअरच्या पाण्याचा सुरुवातीचा सामू फार वेगळा नसला, तरी आम्ल पचवण्याची ताकद पूर्ण वेगळी असते. म्हणून कॉफीसाठी पाण्याचा सामू मोजत बसण्यात अर्थ नाही, अल्कता मोजावी.

पोत्यातले मॅग्नेशियम सल्फेट मात्र कृपया कोणाच्या पोटात जाऊ देऊ नका. ते खत म्हणून बनते, त्यात इतर धातूंचे अंश किती असावेत याची खाण्याच्या दृष्टीने तपासणी झालेली नसते. औषधांच्या दुकानात मिळणारे, पोटात घेण्याच्या प्रतीचे एप्सम सॉल्ट हेच वापरायचे. त्यातही अंघोळीसाठी म्हणून विकले जाणारे पाकीट नको.

बागायत_तासगाव

बरोबर आहे ताई, खताच्या पोत्यावरच तसे लिहिलेले असते. पोते राहू द्या बागेतच.

कासपठारी

मी साताऱ्याहून लिहिते. आमच्या भागाला कास तलावाचे पाणी येते. पठारावर जांभा दगड, त्यावर धो धो पाऊस, त्यामुळे पाण्यात विरघळायला फारसे काही मिळतच नाही. आमच्या किटलीत कधी पांढरा थर धरत नाही आणि साबणाचा फेस धुता धुता जात नाही. मीटरवर आकडा ४० च्या आसपास येतो. मी उकळून पाहिले, फिल्टरमधून काढून पाहिले, कॉफी तशीच सपक होते. सांगलीकरांना उकळून फरक पडतो आणि मला पडत नाही, हे कसे?

नलिका

ताई, उकळण्याने पाणी सुधारते ते फक्त एका कारणाने. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतील तर उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि दोघे मिळून चुन्याच्या पांढऱ्या भुकटीच्या रूपात तळाशी बसतात. म्हणजे जडपणा आणि अल्कता दोन्ही एकदम उतरतात. तुमच्या पाण्यात मुळात ते दोन्ही नाहीत, मग बसणार काय? तुम्हाला काढायचे काही नाही, घालायचे आहे. सांगलीकरांना काढायचे आहे. बोअरवाल्यांची तिसरी गोष्ट: त्यांच्या पाण्यात बायकार्बोनेटच्या जोडीने सल्फेट आणि क्लोराइडही भरपूर असतात, आणि त्यांच्याशी जोडलेला जडपणा कितीही उकळले तरी जात नाही. उलट वाफ होऊन पाणी आटते आणि उरलेले अधिक दाट होते.

विश्रामबागकर, मत्स्यालयाच्या दुकानात जीएच आणि केएच तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात, ते घ्या. जीएच म्हणजे जडपणा, केएच म्हणजे अल्कता. नळीत ५ मिली पाणी घेऊन रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे एक अंश, सुमारे १८ मिलीग्रॅम प्रति लिटर. १० मिली घेतले तर एका थेंबाला ९ धरायचे, त्याने अर्ध्या अंशापर्यंत अंदाज येतो. टीडीएस मीटरपेक्षा हे दोन आकडे तुम्हाला पुष्कळ अधिक सांगतील. मोजून इथे लिहा, मग मिश्रण ठरवू.

ओतीव

मी कॉफी भाजतो आणि शिकवतो, म्हणून चवीच्या बाजूने भर घालतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या पाणी-मानकात टीडीएस १५० च्या आसपास आणि अल्कता ४० च्या आसपास असावी असे होते. टीडीएसला ७५ ते २५० पर्यंत मोकळीक होती. यातला अल्कतेचा ४० हा आकडा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. टीडीएस १५० असूनही अल्कता १२० असेल तर चांगली कॉफी वाया जाते.

हा आकडा हलक्या आणि मध्यम भाजणीसाठी आहे, हेही लक्षात असू द्यावे. काळपट भाजलेली, चिकोरी मिसळलेली, स्टीलच्या फिल्टरातली दुधाची कॉफी करणाऱ्यांनी या आकड्यामागे फार धावू नये. त्या कॉफीत आम्ल आधीच कमी असते आणि दूध बाकीचे झाकते.

खऱ्या मिनरल वॉटरबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. महाग आहे म्हणून ते कॉफीला चांगलेच, असे नाही. बाटलीवर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट प्रति लिटर किती आहे ते लिहिलेले असते. बायकार्बोनेटच्या आकड्याला ०.८२ ने गुणले की अल्कता मिळते. समजा लेबलवर बायकार्बोनेट १८० लिहिले आहे, तर अल्कता जवळजवळ १४८ झाली, म्हणजे लागते त्याच्या तिपटीहून अधिक. असे पाणी प्यायला उत्तम लागेल, पण त्यात कॉफी तशीच मंद होईल जशी तुमच्या नळाच्या पाण्यात होते. त्यापेक्षा निम्मे फिल्टरचे पाणी मिसळलेले बरे.

विश्रामबागकर

संच आणून मोजले. आकडे असे आले. नळाचे ताजे पाणी: केएच ८ थेंब, जीएच ९ थेंब. तेच पाणी झाकण ठेवून पाच मिनिटे खळखळ उकळले, रात्रभर न हलवता ठेवले आणि सकाळी तळाची दोन बोटे पाणी सोडून वरचे हलकेच ओतून घेतले: केएच ४, जीएच ५. तळाला बोट फिरवले तर रांगोळीसारखी बारीक पांढरी भुकटी हाताला लागते. फिल्टरच्या पाण्याला दोन्हीकडे पहिल्याच थेंबाला रंग बदलला, जारचेही तसेच. आमच्या सोसायटीच्या बोअरचे कुतूहल म्हणून पाहिले, तर केएच २० आणि जीएच ३० आला आणि मीटरवर आकडा हजाराच्या वर.

नलिका

तुमचे आकडे आपसांत नीट जुळतात, हे पाहून समाधान वाटले. उकळल्याने केएच चार अंशांनी उतरला आणि जीएचही चारच अंशांनी उतरला. तसेच व्हायला हवे, कारण दोन्ही एकाच भुकटीतून खाली गेले आहेत. जर केएच उतरला आणि जीएच उतरला नाही असे दिसले असते, तर मोजणीत चूक आहे असे मी म्हटले असते. रात्रभर निवू दिले हेही उत्तम केले. उकळल्याबरोबर वापरले तर भुकटी पाण्यातच तरंगत राहते आणि कागदी गाळणीवर बसते.

आता हिशेब. उकळलेल्या पाण्याची अल्कता ४ अंश, म्हणजे सुमारे ७२. ओतीव यांनी सांगितलेले लक्ष्य ४० च्या आसपास. फिल्टरच्या पाण्याची अल्कता शून्याच्या जवळ. तेव्हा दोन्ही समप्रमाणात मिसळले की केएच २ आणि जीएच अडीच होईल, म्हणजे अल्कता ३६ आणि जडपणा ४५. बाहेरून काहीही न घालता तुम्ही लक्ष्याजवळ पोहोचता. उकळायचा कंटाळा आला म्हणून ताज्या नळाच्या पाण्याचा एक भाग आणि फिल्टरचे तीन भाग घेतले तरी आकडे जवळपास तेच येतील, पण नळाचे पाणी जंतूंच्या दृष्टीने आधी उकळलेलेच असावे, असा माझा आग्रह आहे. शिवाय उकळल्याने क्लोरीनचा वासही जातो.

बोअरच्या पाण्याचा नाद सोडा. त्यात अल्कतेहून जडपणा दहा अंश जास्त आहे आणि तो उकळून हलणार नाही.

कासपठारी

माझा केएच एक थेंब आणि जीएचही एकच आला. म्हणजे मला काय घालावे लागेल?

ओतीव

ताई, तुमच्यासाठी दोन बाटल्या करून ठेवता येतील. एक लिटर फिल्टरच्या पाण्यात ७ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवला, तर त्यातले १० मिली एक लिटर पाण्यात घातल्याने अल्कता सुमारे ४० ने वाढते. दुसऱ्या बाटलीत एक लिटरला १० ग्रॅम एप्सम सॉल्ट, त्यातले १० मिली घातल्याने जडपणा ४० ने वाढतो. तुमच्या पाण्याची अल्कता आधीच १८ आहे, म्हणून सोड्याच्या बाटलीतले ५ मिली पुरेल आणि एप्समच्या बाटलीतले १० मिली घ्यावे. खाण्याचा सोडाच घ्यायचा, धुण्याचा नव्हे. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा, नावे लिहून ठेवा आणि पंधरवड्याने ताज्या करा. सोडा जास्त पडला तर कॉफी साबणासारखी गुळगुळीत आणि निर्जीव होते, एप्सम जास्त पडले तर मागून कडवट तुरटपणा येतो. त्यावरून काय चुकले ते ओळखता येते.

मॅग्नेशियमबद्दल मात्र मी ठाम आहे. २०१४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हेंडन आणि कॉफी व्यवसायातल्या कोलोना-डॅशवुड दांपत्याने संगणकी गणिताने दाखवले की मॅग्नेशियम कॉफीतल्या चवीच्या द्रव्यांना घट्ट पकडते, म्हणून त्याच्यामुळे पूडीतून अधिक चव उतरते. पोकळपणाचे मूळ तिथे आहे.

नलिका

तो निबंध मला ठाऊक आहे, पण ते गणित रेणूंच्या परस्पर पकडीचे होते. पूडीतून प्रत्यक्ष किती उतरले हे त्यात मोजलेले नव्हते. मॅग्नेशियमने पूडीतून जास्त उतरते, की आधीच उतरलेल्या कॉफीची चव जिभेला वेगळी लागते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि ते घरी वेगळे करून पाहता येतात. फिल्टरच्या पाण्याची कॉफी करावी, ती दोन पेल्यांत अर्धी अर्धी करावी आणि एका पेल्यात दोन्ही बाटल्यांतले थेंब नंतर घालावेत. शेजारी तेवढेच क्षार आधीच घातलेल्या पाण्याची कॉफी ठेवावी. नंतर घातलेली आणि आधी घातलेली सारखी लागली, तर क्षारांनी उतारा वाढवलेला नाही, चव घडवली आहे. सोड्याच्या बाबतीत ते सारखेच लागणार याची मला खात्री आहे, कारण आम्ल मारण्याचे काम पेल्यातही तसेच होते. मॅग्नेशियमचे पाहायला हवे.

गणपतीपेठ

हे ऐकून मी चहावर करून पाहिले. जारच्या पाण्याच्या काळ्या चहात नंतर सोड्याचे थेंब घातले तर डोळ्यांदेखत लालसर चहा तपकिरी झाला. म्हणजे पावडर तीच, उकळणे तेच, रंग मात्र नंतर बदलला. नळाच्या पाण्यात माझा चहा गडद दिसतो म्हणून तो कडक झाला असे मी आजवर गिऱ्हाइकांना सांगत होतो. तो रंग निदान काही अंशी पाण्याचा आहे, हे आता दिसते. तरीही मला नळाच्याच पाण्याचा चहा विकावा लागेल, कारण जारचा खर्च दिवसाला परवडणारा नाही, आणि लोकांना तो गडद रंगच हवा असतो.

विश्रामबागकर

नलिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे निम्मे उकळलेले आणि निम्मे फिल्टरचे पाणी वापरून कॉफी केली. सौभाग्यवतींनी पेले मला न सांगता मांडले आणि तरीही मिश्रणाचा पेला लगेच ओळखू आला. आंबटगोडपणा आहे, पण टोचत नाही. घोट गिळल्यावरही चव काही वेळ टिकते. नळाच्या पाण्यातला खडूपणा नाही.

थेंब आधी आणि नंतर घालण्याचा प्रयोगही केला. सोडा आधी घातला काय आणि नंतर घातला काय, मला फरक सांगता आला नाही. एप्समचा निकाल मात्र घरात वेगवेगळा लागला. मला दोन्ही पेले सारखे वाटले, मुलीला आधी घातलेला अधिक भरीव वाटला आणि पेले बदलून मांडल्यावरही तिने तोच उचलला.

एक शंका उरली. आमच्या फिल्टरला मागच्या बाजूला टीडीएसचा स्क्रू आहे. तो फिरवून पाणी थेट १०० वर आणले तर मिसळण्याचा खटाटोप वाचेल का?

नलिका

तो स्क्रू आर.ओ. च्या पडद्यातून न गेलेले, फक्त बारीक गाळलेले नळाचे पाणी आत सोडतो. म्हणजे तुमच्या नळाचेच बायकार्बोनेट परत येते, न उकळलेले. टीडीएस १०० वर आणायचा तर नळाचे पाणी साधारण एक तृतीयांश मिसळावे लागेल, आणि मग केएच पावणेतीनच्या आसपास, अल्कता ४८ ते ५० होईल. कॉफीला ते चालेल. ७५ ते ८० वर ठेवलेत तर चाळिशीच्या अधिक जवळ याल. मात्र स्क्रू कंपनीच्या माणसाकडून फिरवून घ्या आणि ते पाणी यूव्ही दिव्यातून जाते का, हे त्याला विचारा. जात नसेल तर पिण्यासाठी उकळूनच घ्या. ज्यांच्या घरी बोअरचे पाणी फिल्टरला जोडलेले आहे त्यांनी हा मार्ग अजिबात घेऊ नये, कारण स्क्रूतून त्यांच्याकडे बोअरच परत येईल.

आणि एकदा ठरवलेले प्रमाण वर्षभर धरून बसू नका. पावसाळ्यात कृष्णेला पूर असताना पाणी पातळ होते, शिवाय गाळ बसवण्यासाठी तुरटी अधिक पडते आणि तुरटी बायकार्बोनेट खाते, त्यामुळे केएच उतरतो. एप्रिल-मेमध्ये तो चढतो. ऋतू बदलला की थेंब पुन्हा मोजा.

ओतीव

विश्रामबागकर, मुलीला म्हणावे की तिच्या जिभेवर माझा विश्वास आहे. एकाच पाकिटाच्या पूडीवर, तीन पेल्यांत दोन सारखे आणि एक वेगळा असे मांडून, वेगळा कोणता ते तिला ओळखायला सांगा. आणि दर वेळी पेल्यांची जागा बदला. तिने वारंवार बरोबर ओळखला तर नलिकाताईंना मॅग्नेशियमबद्दल पुन्हा विचार करावा लागेल.

नलिका

करीन. फक्त तिन्ही पेल्यांचे तापमान सारखे असू द्या आणि नंतर घालायच्या थेंबांइतकेच साधे फिल्टरचे पाणी दुसऱ्या पेल्यातही घाला, नाहीतर ती मॅग्नेशियमऐवजी पातळपणा ओळखेल.

कासपठारी

मी आज पाच मिली सोड्याची आणि दहा मिली एप्समची बाटली घालून केली. कासच्या पाण्यात इतकी भरीव कॉफी मी पहिल्यांदाच प्यायले. पण मला अजून किंचित कडसर वाटते, म्हणून उद्या एप्सम पाचवर आणून पाहते आणि इथे लिहिते.